साखरपुडा आणि रोस
(बेळगाव येथील एका वाङ्‌निश्चयाच्या प्रसंगी मुलीच्या मामांनी केलेले भाषण)

व्याहीमंडळी, आप्तेष्टहो,

आज या घरात दोन घराण्यांच्या रीती प्रथमच एकत्र आल्या आहेत. त्यांची परस्परांशी ओळख करून द्यावी, एवढेच माझे काम.

प्रथम आमच्या मंडळींना सांगतो. आता वराच्या मातोश्री मुलीला पाटावर बसवतील, कुंकू लावतील, साडी देतील, तांदूळ व खण-नारळाने ओटी भरतील आणि साखरेचा पुडा तिच्या हाती ठेवतील. चारचौघांसमक्ष तोंड गोड करून दिलेला शब्द, तो हा साखरपुडा. कुंकवाविषयी आमच्यातील काही वडीलधाऱ्यांनी शंका काढली. मी मुलीलाच विचारले. ती म्हणाली, “मामा, सासूबाई मायेने लावतील ते मी आनंदाने लावून घेईन.” मग आपण अडवणारे कोण?

यानंतर आमचे धर्मगुरू अंगठ्यांना आशीर्वाद देतील. हा विवाह नव्हे, विवाहाचे वचन आहे. या वचनाच्या आधारे कोणावर लग्नाची सक्ती करता येत नाही, असे आमचा धर्मनियमच सांगतो.

आता व्याहीमंडळींना. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे ‘रोस’ असतो. नारळ खवून, वाटून, पिळून दूध काढतात आणि नातलग एकेक करून ते मुलीच्या अंगाला लावतात. तुमच्याकडील हळदीसारखाच हा सोहळा. दूध त्याच दिवशी काढावे लागते, शिळे झाले की आंबते. मस्करीत ते पाहुण्यांवरही उडते, म्हणून विहीणबाईंनी त्या दिवशी पैठणी नेसू नये! ओटीत नारळ अखंड असतो, आमच्या घरी तो पिळला जातो. पण दोन्हींकडे शुभकार्य नारळावाचून होत नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नाही. देवळात विवाह करण्यासाठी वराने बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही. बिशपांची विशेष परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी मुलगी दोन गोष्टींचे वचन देते: स्वतःची श्रद्धा सोडणार नाही, आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून आपल्याकडून होईल तितके करीन. वराकडून असे वचन घेत नाहीत; तिने काय वचन दिले, एवढे त्याला कळवले जाते. हे लग्नानंतर कळले तर घरात पेच पडतो, म्हणून मी ते आजच उघडपणे सांगत आहे. दोघांनी याविषयी आपसांत बोलून घेतले आहे. पुढचा निर्णय ती दोघे मिळून करतील; आपण त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी ओढ लावू नये.

मातोश्री, आता आपण पुढे यावे. साखर तयार आहे.