स्वस्त पाकीट कोणतं? फोटोतल्या शेल्फवरचे भाव कसे वाचायचे

परभणीच्या मोंढ्यात सोयाबीन कुणी पोत्यावर विचारतं का? पोतं 60 किलोचं असो की 90 चं, भाव क्विंटलचाच बोलतात. परदेशातल्या सुपरमार्केटमध्ये शेल्फच्या पट्टीवर, मोठ्या किमतीच्या कोपऱ्यात जो बारीक आकडा असतो ना, तो म्हणजे हाच क्विंटलचा भाव. फक्त तिथे तो 100 ग्रॅमवर किंवा किलोवर असतो. त्याला युनिट प्राइस म्हणतात. ब्रिटनमध्ये 2004 च्या एका आदेशानुसार मोठ्या दुकानांना तो लावावाच लागतो.

माझी मावसबहीण तिकडे शिकायला आहे. स्टुडंट व्हिसावर कॉलेज चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं, म्हणजे किराण्याचं बजेट तंगच. ती दुकानातून शेल्फचा फोटो टाकते आणि विचारते, "दादा, यातलं कोणतं घेऊ?" परवाचा फोटो ओट्सचा होता. तोच घेऊन बसू.

पहिली पट्टी: 500 ग्रॅमचं पाकीट, 1 पाउंड 25 पेन्स. बारीक अक्षरात, 25 पेन्स प्रति 100 ग्रॅम. दुसरी पट्टी: 1 किलोचं पाकीट, 2 पाउंड 10 पेन्स. बारीक अक्षरात, 2.10 पाउंड प्रति किलो. आता 25 आणि 2.10 हे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही, कारण मापं वेगळी आहेत. पाउंडात 100 पेन्स, आपल्या रुपया-पैशासारखंच. 1 किलोत 100 ग्रॅमचे दहा भाग. म्हणून 210 पेन्स भागिले 10, म्हणजे 21 पेन्स प्रति 100 ग्रॅम. मोठं पाकीट स्वस्त. इथपर्यंत सोपं.

पण छोट्या पाकिटावर पिवळा बोर्ड होता: कोणतेही 2 घ्या, 2 पाउंडात. बहिणीला वाटलं, बारीक आकडा 25 चाच आहे, मग ऑफरमध्ये दम नाही. तर तो आकडा एका पाकिटाचा होता, ऑफरचा नव्हता. ऑफरचा भाव आपणच काढायचा: एकूण पैसे भागिले एकूण ग्रॅम, गुणिले 100. दोन पाकिटं म्हणजे 1000 ग्रॅम, 200 पेन्स. म्हणजे 20 पेन्स प्रति 100 ग्रॅम. मोठ्या पाकिटापेक्षा एक पेनी कमी!

मग ती म्हणाली, तीन घेते. थांब म्हटलं. ऑफर जोडीची आहे, तिसरं पाकीट पूर्ण किमतीला पडतं. 200 अधिक 125, 325 पेन्स, 1500 ग्रॅम. भाव 21.7 च्या आसपास, म्हणजे मोठ्या पाकिटापेक्षा महाग. घ्यायचे तर दोन किंवा चार.

आणि "कोणतेही" या शब्दाकडे लक्ष द्या. त्याच ऑफरमध्ये मध घातलेलं 400 ग्रॅमचं पाकीटही होतं. एक साधं, एक मधाचं घेतलं तर 900 ग्रॅमला 200 पेन्स, म्हणजे 22.2. डबे दिसायला सारखेच, वजन मात्र वाचावं लागतं. (मधाचे ओट्स आवडत असतील तर घ्या की, पण स्वस्त समजून घेऊ नका.)

फोटो काढताना दोन गोष्टी बघा. पट्टी ज्या मालाच्या खाली आहे त्याचीच आहे का, हे पट्टीवरचं नाव आणि वजन पाकिटाशी जुळवून ठरवा. लोक माल उचलून भलतीकडे ठेवतात. आणि पिवळ्या बोर्डची खालची ओळ फोटोत येऊ द्या. ऑफर दुकानाचं कार्ड असणाऱ्यांनाच आहे की सगळ्यांना, आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते बहुतेक वेळा तिथेच असतं. पट्टीवर चकाकी येत असेल तर जरा तिरका फोटो काढा.

हा गोंधळ फक्त नवख्यांचा नाही बरं. ब्रिटनच्या सीएमए या स्पर्धा-नियामक संस्थेने जुलै 2023 मध्ये दुकानांचे हे आकडे तपासले. काही टी-बॅग्सचा भाव 100 ग्रॅमवर, तर काहींचा दर पिशवीवर लावलेला आढळला, आणि काही ऑफर्सवर युनिट प्राइसच नव्हती. अशा वेळी डब्यावरचं वजन घेऊन दोन्ही 100 ग्रॅमवर आणायचे, दुसरा उपाय नाही.

आपल्याकडेही आता पाकिटावर एमआरपीजवळ युनिट सेल प्राइस छापतात. किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती रुपये प्रति ग्रॅम असते, किलोच्या वरच्यावर रुपये प्रति किलो. म्हणजे छोट्याचा आकडा 1000 ने गुणला की दोन्ही एका मापात येतात. पण ती एमआरपीवरून काढलेली असते. दुकानदाराने मोठ्या पाकिटावर 30 रुपये सोडले, तर छापलेला आकडा बाजूला ठेवायचा आणि बिलातल्या पैशांवरून भाव काढायचा.