पावसाळ्यात एसटीने काशीदला

आज आपण काशीदला निघणार आहोत. रायगड जिल्ह्यातला, अलिबाग-मुरूड रस्त्यावरचा हा समुद्रकिनारा. हिवाळ्यात मुंबईहून तिथे जाणं सोपं असतं. गेटवेवरून बोटीने मांडव्याला उतरायचं आणि बोटीच्याच तिकिटावर मिळणाऱ्या बसने अलिबागला पोचायचं. पण मे महिन्याच्या अखेरीस समुद्र खवळायला लागतो, या बोटी साधारण ऑगस्ट संपेपर्यंत बंद होतात आणि बोटीच बंद म्हटल्यावर ती बसही बंद. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, ती पावसाळ्यातही चालते. मात्र हवामान बिघडलं की फेरी रद्द होते. पुढची गाडी गाठायची असेल तर तिच्या भरवशावर राहू नका.

मग उरते आपली एसटी. लोकलने पनवेलला या, तिथून अलिबागची गाडी धरा. विनाथांबा, विनावाहक गाडी असेल तर तिकीट आधी खिडकीवर काढावं लागतं, गाडीत वाहक नसतो. वडखळपाशी गोव्याचा रस्ता सुटतो आणि आपण उजवीकडे अलिबागच्या वाटेला लागतो. अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. दोन-अडीच तास धरा. वडखळला कोंडी लागली तर त्याहून जास्त.

खरी परीक्षा अलिबागच्या स्थानकात होते. काशीद इथून तीसेक किलोमीटर आणि गाडी हवी ती मुरूडची. काशीदचीच पाटी शोधत बसाल तर समोरून दोन गाड्या निघून जातील. रेवदंड्याची गाडी घ्यायची नाही, ती खाडीच्या अलीकडेच थांबते.

पावसाळ्यात पर्यटकांसाठीच्या जादा गाड्या नसतात. ज्या असतात त्या शाळा-कॉलेजची मुलं, बाजारहाट करणारे, कोर्टकचेरीच्या आणि दवाखान्याच्या कामाला आलेले लोक यांच्यासाठी. म्हणून वेळापत्रक त्यांच्या दिवसाप्रमाणे वाचायचं. सकाळी गावाकडून अलिबागला, दुपारी कॉलेज सुटल्यावर आणि संध्याकाळी कचेऱ्या सुटल्यावर उलट दिशेला. मधल्या वेळेत बराच खंड पडतो. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मुलांसाठीच्या फेऱ्या गळतात, त्यामुळे जायचं तर मधल्या वारी जा. शनिवार-रविवार गाठून जाण्याची आपली सवय इथे उलटी पडते.

समजा, जुलैतला मंगळवार आहे. सकाळी सातच्या सुमारास पनवेल सोडलंत, तर साडेनऊ-दहाला अलिबागला असाल. उतरल्याबरोबर चौकशीच्या खिडकीवर जा आणि विचारा, "मुरूड गाडी किती वाजता लागेल, आणि फेरी चालू आहे ना?" हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. भिंतीवर लिहिलेली वेळ नेहमीची असते. गाडी बिघडली किंवा चालक दुसरीकडे पाठवला, तर त्या दिवसाची फेरी रद्द होते, आणि ते फक्त वाहतूक नियंत्रकाला ठाऊक असतं. तासाभराचा खंड असेल तर स्थानकाबाहेरच्या मिनीडोअरने रेवदंड्यापर्यंत जायचा मोह होतो. जाऊ नका. पावसात ती भरायलाच वेळ लागतो, आणि रेवदंड्याला पोचल्यावर पुढे हीच मुरूड गाडी धरायची असते, तीही उभ्याने.

गाडीत उजव्या बाजूची खिडकी पकडा. नागाव, चौल, रेवदंडा हा सगळा वाड्यांमधला अरुंद रस्ता, दोन्हीकडे नारळी-पोफळी; समोरून दुसरी एसटी आली की एकीला थांबावंच लागतं. मग साळावचा पूल येतो. खाली कुंडलिकेची खाडी गढूळ, फुगलेली, आणि उजवीकडे कोर्लईच्या किल्ल्याचा डोंगर डोक्यापासून पायथ्यापर्यंत हिरवा. पुढे बोर्ली, बारशिव, आणि सुरूची बनं दिसू लागली की वाहकाला सांगा, "काशीद बीचला उतरायचंय." रस्ता किनाऱ्याला लागूनच जातो.

जोराचा पाऊस लागला असेल तर निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करा. जुलै 2021 मध्ये काशीदजवळचा जुना पूल पुरात कोसळला, त्यात एकाचा जीव गेला आणि मुरूडची सरळ वाट तुटली. अशा वेळी मुरूडला रोह्याकडून जावं लागतं, आणि काशीदचा बेत रद्दच करणं बरं.

उतरल्यावर टपऱ्या बंद, घोडागाड्या नाहीत, जवळजवळ तीन किलोमीटरची वाळू मोकळी. पाण्यात मात्र पाऊलही घालू नका. इथे उतार एकदम खोल होतो, परतीची लाट पायाखालची वाळू ओढून नेते, आणि या दिवसांत वाचवायला जवळ होडीही नसते. मुरूडला पुढे गेलात तरी जंजिऱ्याच्या होड्या या काळात बंदच असतात. जेवणखाण आणि मुक्काम गावातल्या घरी आधी फोन करून ठरवा; ऐनवेळी चूल पेटलेली असेलच असं नाही.

आणि मुक्कामाच्या घरी पोचताच परतीच्या गाड्या विचारून घ्या. मुरूडहून पहाटे निघणारी गाडी सहसा चुकत नाही, कारण वस्तीची गाडी रात्रीच तिथे येऊन थांबलेली असते. दुपारनंतरच्या गाड्या मात्र अलिबागहून येऊन परत फिरणाऱ्या. तिकडून आलीच नाही, तर इकडून सुटत नाही. त्यामुळे ज्या दिवशी घरी पोचायचंच आहे, त्या दिवशी सकाळचीच गाडी धरा. थांब्यावर दहा मिनिटं आधी उभे राहा आणि गाडी वळणावर दिसताच छत्री बाजूला करून हात दाखवा.