अफ्लाटॉक्सिन : ओला मका, यकृत आणि दूध

अफ्लाटॉक्सिन हे अस्परजिलस फ्लेव्हस आणि अस्परजिलस पॅरासिटिकस या दोन बुरशींनी तयार केलेले विष असून मका, शेंगदाणा पेंड आणि सरकी पेंड हे पशुखाद्याचे नेहमीचे घटकच या बुरशींना विशेष मानवतात. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मेले आणि त्या मृत्यूंचा माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोहोचला, तेव्हा या विषाची शास्त्राला प्रथम ओळख झाली. त्याचे ब१, ब२, ग१ आणि ग२ असे चार मुख्य प्रकार धान्यात आढळतात व त्यांतील ब१ हा सर्वांत घातक मानला जातो. बुरशी आणि विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र आरंभीच ध्यानात ठेवावे लागते. दाण्यावरची हिरवट बुरशी झटकून, चाळून किंवा उन्हात वाळवून नाहीशी करता येते. पण तिने मागे ठेवलेले विष दाण्यात तसेच राहते, आणि दूध तापवताना किंवा खाद्याच्या गोळ्या करताना लागते तेवढ्या उष्णतेनेही ते मोडत नाही.

या विषाचा पहिला आघात यकृतावर होतो, आणि त्याचे कारण यकृताच्या स्वतःच्या कामातच दडलेले आहे. पोटातून रक्तात आलेले परके पदार्थ बाहेर टाकता यावेत म्हणून यकृतातील विकरे, म्हणजे रासायनिक बदल घडवणारी प्रथिने, त्यांचे रूप पालटत असतात. ब१ वर हीच प्रक्रिया घडली की त्यापासून इपॉक्साइड नावाचे अतिशय क्रियाशील रूप तयार होते आणि ते पेशीतील डीएनएला व प्रथिनांना चिकटून बसते. त्या पेशीचे प्रथिननिर्मितीचे काम मंदावते, तिच्यात चरबी साठू लागते आणि मात्रा मोठी असेल तर पेशी मरतात. ग्लुटाथिओन हा पदार्थ या क्रियाशील रूपाला निष्प्रभ करू शकतो. मात्र टर्की आणि बदकाच्या पिलांत हे संरक्षण फार दुबळे असल्याने ते पक्षी थोड्या विषानेही मरतात, तर ब्रॉयलर कोंबडी त्या मानाने बरीच टिकून राहते.

कोंबडी टिकून राहते, म्हणूनच पोल्ट्रीतील नुकसान बराच काळ नजरेआड राहते. मोठी मर नसते. पक्षी खाद्य खातो पण वजन धरत नाही, लेयर कोंबड्यांची अंडी कमी होतात व लहान पडतात, आणि कळप कोठे बिघडतो आहे हे मालकाला उमगत नाही. मेलेल्या पक्ष्याचे पोट उघडले तर एरवी तांबूस-तपकिरी व टणक असणारे यकृत पिवळसर, फुगलेले आणि बोटाने दाबताच फुटणारे आढळते. रक्त गोठण्यासाठी लागणारी प्रथिने यकृतातच तयार होत असल्यामुळे अशा कळपातील पक्ष्यांच्या मांडीवर व पंखाखाली साध्या पकडण्यानेही काळेनिळे डाग पडतात. याच काळात रोगप्रतिकारशक्ती खालावते आणि राणीखेत किंवा गंबोरो या रोगांची लस वेळेवर देऊनही रोग येतो, तेव्हा दोष लसीला दिला जातो आणि खाद्याकडे पाहण्याचे राहून जाते. पिवळे यकृत इतर कारणांनीही होऊ शकते, म्हणून केवळ त्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नाही. ते दिसल्यावर खाद्याचा नमुना तपासणीला पाठवणे हाच त्याचा अर्थ समजावा.

दुभत्या जनावरात या विषाला आणखी एक वाट मिळते. गाईच्या वा म्हशीच्या यकृतात ब१ चा काही भाग म१ या रूपात बदलतो आणि रक्तावाटे कासेत उतरतो. दूषित खाद्य खाल्ल्यापासून साधारण १२ ते २४ तासांत म१ दुधात दिसू लागतो, आणि ते खाद्य बंद केल्यानंतर तीन-चार दिवसांत तो बहुतांशी नाहीसा होतो. खाल्लेल्या ब१ पैकी सामान्यतः एक ते दोन टक्के भाग अशा रीतीने दुधात येतो. जास्त दूध देणाऱ्या गाईत हे प्रमाण सहा टक्क्यांपर्यंत चढू शकते.

हे गणित एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. रोज १२ लिटर दूध देणाऱ्या एका गाईला चार किलो तयार पशुखाद्य आणि दोन किलो मक्याचा भरडा दिला जातो असे धरू. पशुखाद्यात ब१ चे प्रमाण किलोला २० मायक्रोग्रॅम आहे, जी भारतीय मानक ब्यूरोची संयुक्त पशुखाद्यासाठीची कमाल मर्यादा आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. भरडा मात्र ओल लागलेल्या मक्याचा असून त्यात किलोला २०० मायक्रोग्रॅम विष आहे. पशुखाद्यातून ८० आणि भरड्यातून ४०० असे रोज ४८० मायक्रोग्रॅम ब१ गाईच्या पोटात जाते. त्याचे दोन टक्के म्हणजे ९.६ मायक्रोग्रॅम दुधात उतरले, तर एका लिटरमागे ०.८ मायक्रोग्रॅम म१ होतो. भारतात दुधासाठी ही मर्यादा ०.५ आहे आणि युरोपीय संघात ०.०५. म्हणजे निर्दोष पशुखाद्य घेऊनही दोन किलो भरड्यामुळे ते दूध भारतीय मर्यादेबाहेर गेले. तोच भरडा काढून टाकला, तर उरलेल्या खाद्यामुळे येणारे प्रमाण सुमारे ०.१३ राहते. आंबोणातील घरचा घटक बहुधा कोणी तपासत नाही, आणि नेमका तोच असा निर्णायक ठरतो.

दूध उकळल्याने किंवा पाश्चरीकरणाने म१ नष्ट होत नाही. तो दुधातील केसीन या प्रथिनाला धरून राहत असल्याने पनीरमध्ये त्याचे प्रमाण मूळ दुधापेक्षा वाढते, आणि खव्यात तर पाणी उडून सर्वच घटक घट्ट होतात. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात तपासलेल्या ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्के नमुन्यांत म१ मर्यादेपेक्षा अधिक आढळला. दुधात पाणी मिसळण्याची चर्चा आपल्याकडे सतत होते. या दोषाची चर्चा त्या मानाने फारच थोडी होते, याची चिंता वाटायला हवी, कारण लहान मुलांचा मुख्य आहार दूध हाच असतो.

या विषाचा पुढे कोठेही नीट निचरा होत नसल्यामुळे खरा उपाय खळ्यावर आणि गोदामात करावा लागतो. महाराष्ट्रात खरिपाचा मका परतीच्या पावसाच्या सुमारास निघतो, आणि त्या वेळी दाण्यात २० टक्के वा त्याहून अधिक ओल असणे साहजिक असते. उबदार हवेत असा दाणा ढिगात पडून राहिला तर काही दिवसांतच बुरशी वाढून विष तयार होऊ शकते. म्हणून ओल १३ टक्क्यांवर, आणि लांबच्या साठवणीसाठी १२ टक्क्यांवर, शक्य तितक्या लवकर आणावी लागते. येथे व्यवहाराची एक अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. २० टक्के ओलीचा एक क्विंटल मका १३ टक्क्यांपर्यंत वाळवला की सुमारे ९२ किलो भरतो. ओल्या आणि सुक्या मालाला जर सारखाच भाव मिळत असेल, तर वाळवणारा शेतकरी आठ किलोचा तोटा सोसतो. ओलीनुसार भाव ठरवल्याशिवाय नुसत्या उपदेशाने मका वाळवला जाईल अशी अपेक्षा धरणे शेतकऱ्यावर अन्याय करणारे आहे.

ओल मोजण्याचे यंत्र नसेल तेव्हा मिठाची साधी चाचणी उपयोगी पडते. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे पूर्ण कोरडे मीठ व मूठभर मका घालून, झाकण लावून मिनिटभर जोराने हलवायचे आणि पाव तास तसेच ठेवायचे. मीठ काचेला चिकटले तर ओल १५ टक्क्यांहून अधिक आहे असे समजावे. मीठ चिकटले नाही तर ओल १५ च्या खाली आहे एवढेच कळते, म्हणून त्यानंतरही मका आणखी एक-दोन दिवस उन्हात ताडपत्रीवर पातळ पसरणे शहाणपणाचे ठरते. रात्री ढीग झाकला नाही, तर दवाने दिवसभराचे काम वाया जाते.

सुका मका गोदामात जाऊनही धोका संपत नाही. पत्र्याच्या छताखाली दिवसा तापलेली दमट हवा रात्री थंड होते आणि पत्र्यावर जमलेले पाणी वरच्या पोत्यांवर ठिबकते. खाली फरशीतून व बाजूला भिंतीतून ओल पोत्यात शिरते. म्हणून पोती लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून हातभर दूर रचावीत, आणि आधी आलेला माल आधी वापरावा. सोंडकिड्यांमुळेही ओल वाढते, कारण किडे दाणा फोडतात आणि त्यांच्या श्वसनातून उष्णता व बाष्प सुटते. पोत्यात हात घातल्यावर आतला भाग गरम लागला, तर ते पोते त्याच दिवशी उघडून पसरावे. भरडलेला मका अखंड दाण्यापेक्षा लवकर बिघडतो, त्यामुळे पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुरेल एवढाच भरडा करणे बरे. गव्हाणीच्या आणि खाद्याच्या टाकीच्या कोपऱ्यांत चिकटून बसलेले घट्ट थर रोज खरवडून काढावेत, कारण नवे खाद्य त्यांच्यावरच पडते आणि तेथून बुरशी पसरते.

तपासणीची खरी अडचण नमुना घेण्यातच आहे. विष ढिगात सारखे पसरलेले नसते; शेकडो निर्मळ दाण्यांमध्ये एखाद्या दाण्यात ते प्रचंड प्रमाणात असू शकते. एका पोत्याच्या तोंडातून घेतलेल्या मूठभर दाण्यांची तपासणी प्रयोगशाळेने कितीही अचूक केली, तरी ती त्या मुठीपुरतीच खरी असते. निरनिराळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून थोडे थोडे घेऊन जमवलेला काही किलोचा नमुना पूर्ण दळून, मिसळून त्यातून लहान भाग पाठवला तरच अहवालावर विश्वास ठेवता येतो.

दूषित खाद्यात बेंटोनाइटसारखी माती मिसळली की ती आतड्यात ब१ ला धरून ठेवते आणि शोषण घटवते, ही गोष्ट सिद्ध झालेली आहे; पण ती विषाचा काही भागच अडवते, म्हणून वाईट माल खपवण्याचा परवाना तिच्याकडून मिळत नाही. प्रोपिऑनिक आम्ल नवी बुरशी रोखते, आधीच्या विषावर त्याचा उपाय चालत नाही. दूषित मका चांगल्यात मिसळून प्रमाण खाली आणण्याची पद्धत तर विष अधिक जनावरांपर्यंत पोहोचवते. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागांत पावसाने भिजलेला मका खाऊन ३९७ माणसे कावीळ व जलोदराने आजारी पडली आणि त्यांतील १०६ दगावली, तेव्हा त्याच घरांतले अन्न खाणारे कुत्रेही तशाच आजाराने मेले. काळवंडलेला मका गाईला नको म्हणून शेळीला, कोंबडीला किंवा राखणीच्या कुत्र्याला घालण्याची सवय त्यामुळेच सोडावी लागते. असा माल खाद्याच्या साठ्यापासून दूर नेऊन मातीत गाडून टाकावा आणि त्याचे रिकामे पोते पुन्हा वापरू नये.