फराळाच्या डब्याचं नाव

घरगुती फराळ विकणाऱ्या अनेक ताई डब्याला ‘शाही दिवाळी धमाका’ असं नाव देतात. ऐकायला झकास, पण गिऱ्हाईक फोनवर पहिलं विचारतं, “त्यात काय काय आहे?” हा प्रश्न वारंवार आला, की नाव कमी पडलं समजावं.

समजा, डब्यात चिवडा, चकली, शंकरपाळी आणि बेसन लाडू अर्धा-अर्धा किलो आहेत. सुटे घेतले तर १८०, २४०, २०० आणि २८०, म्हणजे ९०० रुपये. डबा ८०० ला. याला ‘चौरंगी फराळ, दोन किलो’ म्हणा. ‘चौरंगी’त चार पदार्थ आले, सणाची गोडीही राहिली आणि वजन कळलं. खालच्या ओळीत लिहा: ‘सुटे ९००, एकत्र ८००’. बचत नावात कोंबू नका; भेट देणाऱ्याला डब्यावर ‘स्वस्त’ हा शब्द नको असतो. मात्र ९०० हा तुमचा रोजचा, खरा भाव हवा. आणि दोन किलो म्हणजे निव्वळ फराळ, डब्याचं वजन सोडून.

नावात ‘दिवाळी’ शक्यतो टाळा. भाऊबीज उलटली की तोच डबा शिळा वाटतो. ‘चौरंगी फराळ’ तुळशीच्या लग्नापर्यंत सहज खपतो.