टेंगूळ बाहेर, नजर आत

मंडळी, आज आम्ही तुमच्याशी टेंगळाविषयी चार गोष्टी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, टेंगळात काय बोलायचे? पोर पडते, रडते, टेंगूळ येते आणि चार दिवसांत जिरते. खरे आहे. शंभरांतल्या बहुतेक पोरांचे असेच होते. पण एखादे पोर तसे नसते. ते कसे ओळखावे, एवढेच आज सांगायचे आहे.

दोन घरांची गोष्ट ऐका.

एका घरी तीन वर्षांचा मुलगा जोत्यावरून पडला. कपाळ अंगणातल्या फरशीवर आपटले. बघता बघता लिंबाएवढे टेंगूळ आले. घरात रडारड झाली. शेजारची म्हातारी म्हणाली, "रुपया दाबून धरा!" कोणी म्हणाले, "तेल चोळा!"

त्याच आठवड्यात दुसऱ्या घरी सहा वर्षांची मुलगी ओसरीवरच्या झोपाळ्यावरून पडली. पायरीची कड कानाच्या वर लागली. ती रडली आणि पाच मिनिटांत गप्प झाली. केसांत हात घालून पाहिले, तर बोरापेक्षा मोठे टेंगूळ नव्हते. आई म्हणाली, "काही नाही, जा खेळ."

सांगा बरे, यातले कोणते पोर धोक्यात होते?

कपाळाची कातडी हाडाला लागून असते, आणि तिच्यात रक्ताच्या बारीक वाहिन्या पुष्कळ असतात. मार लागला की त्या फुटतात. रक्त कातडी आणि हाड यांच्यामध्ये साचते. खाली हाड घट्ट, म्हणून फुगवटा बाहेर येतो. तेच टेंगूळ. ते मोठे दिसते, पण ते कवटीच्या बाहेर असते. मेंदू आत असतो.

कानाच्या वर, कानशिलापाशी, कवटीचे हाड पातळ असते. त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. तिथे मार लागून हाडाला चीर गेली, तर ती धमनी फाटू शकते. मग रक्त आत साचते. सुरुवातीला थोडेच असते, म्हणून पोर खेळते, जेवते. पण कवटी काही फुगत नाही. रक्त वाढले की मेंदू दाबला जातो. याला काही तास लागतात. म्हणून पडल्यावर पोर हसले-खेळले, एवढ्यावरून निश्चिंत होऊ नये.

मुलगी चार वाजता पडली होती. सात वाजता जेवताना म्हणाली, "आई, डोके दुखते." अर्धी भाकरी टाकली. साडेआठला उलटी झाली. आईला वाटले, दही आंबट होते. साडेनऊला पुन्हा उलटी झाली आणि पोर झोपी गेले. आजी म्हणाली, "दमली आहे. झोपू दे. उठवू नकोस."

पण आईच्या जिवाला चैन पडेना. दहा वाजता तिने मुलीला हलवले, हाका मारल्या. मुलगी नुसती कण्हली, डोळे उघडीना. बापाने पापण्या वर करून बॅटरीचा उजेड दाखवला. एका डोळ्याची बाहुली मोठी, एकीची लहान! त्याने लगेच १०८ नंबरला फोन लावला आणि सांगितले, "पोर डोक्यावर पडले आहे. दोन उलट्या झाल्या. उठवले तर उठत नाही." गाडी तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे डोक्याचा सीटी स्कॅन काढला. आत रक्ताची गाठ दिसली. रात्रीच शस्त्रक्रिया करून गाठ काढली. पोर वाचले. आजीचे ऐकून सकाळपर्यंत वाट पाहिली असती, तर वाचले नसते.

आणि तो लिंबाएवढ्या टेंगळाचा मुलगा? त्याच्या आईने काय केले तेही ऐका. तिने तेल चोळू दिले नाही, रुपयाही दाबू दिला नाही. चोळल्याने रक्त आणखी पसरते. काही मायबहिणी पदराचा बोळा फुंकून ऊब देतात. पहिल्या दिवशी ऊब नको, गार हवे. तिने फडके गार पाण्यात पिळले आणि दहा-पंधरा मिनिटे हलके धरले. बर्फ असला तर फडक्यात गुंडाळून धरावा, उघडा लावू नये.

दुखते म्हणून दुकानातली कोणतीही गोळी तिने दिली नाही. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन यांनी रक्त थांबायला अडचण येते. लागलीच तर पॅरासिटामॉल, तीही वजनाप्रमाणे, डॉक्टरांना किंवा आरोग्यसेविकेला विचारून द्यावी. झोपेचे औषध तर मुळीच देऊ नये. मग ही झोप औषधाची की माराची, हे कळत नाही.

मग ती दिवसभर मुलाकडे पाहत राहिली. पहिल्या सहा तासांत जास्त, पण पूर्ण चोवीस तास. मुलाला एक उलटी झाली. रडून रडून एखादी उलटी होते. त्यानंतर तो भात जेवला, कुत्र्यामागे धावला. रात्री ती म्हणाली, "झोपू द्यायचे, पण विसरायचे नाही." तिने दर दोन-तीन तासांनी त्याला उठवले. तो कुरकुरला, डोळे उघडले, "आई" म्हणाला, पाणी मागितले, दोन्ही हातांनी तिला ढकलले आणि पुन्हा झोपला. असे कुरकुरणारे पोर म्हणजे शुद्धीवरचे पोर. अंगावर पिणारे बाळ असेल, तर नीट रडते का, नीट पिते का, ते पाहावे.

आता धोक्याच्या खुणा सांगतो. यांतली एक जरी दिसली, तरी उजाडण्याची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

पडल्यावर पोर क्षणभरसुद्धा बेशुद्ध झाले.
उलट्या पुन्हा पुन्हा झाल्या.
उठवले तरी नीट जागे होत नाही, आपली माणसे ओळखत नाही.
डोकेदुखी वाढतच गेली, किंवा लहान बाळ काही केल्या रडायचे थांबत नाही.
झटके आले.
एक हात किंवा पाय लुळा पडला, चाल अडखळली, बोलणे बोबडे झाले.
डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या झाल्या.
नाकातून किंवा कानातून रक्त अगर पाण्यासारखे आले.

काही पोरांना खूण दिसली नाही तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वर्षाच्या आतले बाळ. तीन फुटांवरून पडलेले दोन वर्षांखालचे मूल. पुरुषभर उंचीवरून पडलेले मोठे मूल. आणि कानाच्या वर किंवा मागे मऊ, लिबलिबीत सूज असलेले मूल.

गाडी येईपर्यंत बेशुद्ध पोराच्या तोंडात पाणी घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. मान वाकवू नका. उलटी होत असेल, तर डोके, मान आणि धड एका रेषेत धरून कुशीवर करा, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: कधी पडले, किती उंचीवरून पडले, उलट्या किती झाल्या. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. वेळ कागदावर टिपून ठेवा.

त्या मुलाचे टेंगूळ आधी निळे, मग हिरवट, मग पिवळे झाले आणि जिरून गेले. मुलीचे टेंगूळ तर दुसऱ्या दिवशी दिसतही नव्हते. म्हणून म्हणतो मंडळी, टेंगूळ मोजू नका, पोराकडे पाहा.