विश्वस्तांना पाठवायचा एक ई-मेल



दिवाळीची सुट्टी जवळ आली की खासगी शाळांच्या सचिवांकडे एक ठरावीक ई-मेल येऊ लागतो. शाळेची फी आता ऑनलाइन घ्या, आमचं सॉफ्टवेअर एक सत्र मोफत वापरून बघा, पटलं तर पुढे करार करू. मी हिशेब तपासनीस आहे. शाळा चालवणाऱ्या काही विश्वस्त संस्थांची पुस्तकं माझ्याकडे असतात, त्यामुळे हे ई-मेल पुढे ढकलले जाऊन माझ्यापर्यंत पोहोचतात. वर एकच ओळ असते, "जरा बघून सांगा."

यंदा उलटं झालं. असं सॉफ्टवेअर बनवणारा एक तरुणच भेटायला आला. म्हणाला, "सर, पन्नास शाळांना लिहिलं. एकीचंही उत्तर नाही. मजकुरात काय चुकतंय?" त्याचा मजकूर मी वाचला. बस कुठे आली ते मोबाइलवर दिसतं, गृहपाठ दिसतो, मुलाच्या वाढदिवसाला आपोआप शुभेच्छा जातात. फी वसुलीचा विषय शेवटच्या परिच्छेदात, आणि तिथेही 'थकबाकी ४० टक्क्यांनी घटेल' असं छातीठोक वाक्य. हे वाक्य आधी काढ, असं मी त्याला सांगितलं. विसरलेल्या पालकाला आठवणीचा संदेश उपयोगी पडतो. ज्याच्या हातात पैसेच नाहीत, त्याला दहा संदेश गेले तरी फी येत नाही. कोणत्या शाळेत कोणते पालक किती, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं.

मग आम्ही पत्र नव्याने मांडायला घेतलं. पहिला प्रश्न, हे वाचणार कोण? नाव 'मा. विश्वस्त मंडळ' असलं तरी ई-मेल उघडतात सचिव, आणि पैशाचं काही दिसलं की तो खजिनदारांकडे जातो. विश्वस्त ई-मेलवर निर्णय घेत नाहीत, ते सभेत घेतात. सभेत येण्यासाठी विषय विषयपत्रिकेवर लागतो आणि सभेतून बाहेर पडताना ठराव लागतो. ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सोय सुरू करताना संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, रद्द केलेला धनादेश आणि सही कोण करणार याचा ठराव, ही कागदपत्रं मागितली जातातच. मग ठरावाचा मसुदा पत्रासोबतच जोडावा. सचिवांचं निम्मं काम तिथेच होतं. आमच्या तरुणाने हे कधी केलं नव्हतं. त्याची समजूत अशी की अॅप आवडलं की झालं.

दुसरी गोष्ट पत्राच्या पहिल्या चार ओळींतच यायला हवी. पालकाने भरलेला रुपया कुठून कुठे जातो? सॉफ्टवेअर कंपनीने तो स्वतःच्या खात्यात घ्यायचा नसतो. दुकानदारांसाठी, संस्थांसाठी ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांना 'पेमेंट अॅग्रीगेटर' म्हणतात. रिझर्व्ह बँकेने २०२० साली त्यांच्यासाठी नियम केले. त्यांना रिझर्व्ह बँकेची मान्यता लागते, आणि मधल्या काळात पैसा बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावा लागतो. तिथून तो थेट संस्थेच्या खात्यात यायला हवा. म्हणून पत्रात त्या अॅग्रीगेटरचं नाव हवं, पैसा किती दिवसांत जमा होईल ते हवं, आणि "आमच्या खात्यात एक रुपयाही येणार नाही" हे वाक्य स्वच्छ हवं. एका पत्रात मी असंही वाचलं आहे की फी आमच्याकडे जमा होईल आणि दर महिन्याच्या पाच तारखेला आम्ही शाळेला पाठवू. त्या संस्थेच्या खजिनदारांना मी दोन शब्दांत उत्तर दिलं. ते शब्द रेडिओवर सांगण्यासारखे नाहीत.

आता खर्च कोणी सोसायचा. यावर पत्रं हमखास गुळमुळीत होतात, म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा शाळेने फक्त पाचवी आणि सहावीत प्रयोग करायचं ठरवलं. तिमाही फी ९,००० रुपये. एका पालकाने बँक खात्यातून यूपीआयने भरली. यूपीआयवर व्यापाऱ्याकडून घ्यायचं बँकेचं शुल्क, ज्याला एमडीआर म्हणतात, ते २०२० च्या जानेवारीपासून शून्य आहे. तरी काही कंपन्या 'प्लॅटफॉर्म शुल्क' म्हणून वेगळं काही लावतात. लावत असाल तर तसं लिहा. दुसऱ्या पालकाने क्रेडिट कार्ड वापरलं. त्यावर समजा १.८ टक्के ठरलेत. म्हणजे १६२ रुपये, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, २९ रुपये १६ पैसे. एकूण १९१ रुपये १६ पैसे.

हे पालकाकडून घेतले तर त्याच्या खिशातून ९,१९१ रुपये गेले आणि पावती ९,००० ची. महाराष्ट्रात शुल्क विनियमनाचा २०११ चा कायदा आहे. त्यानुसार फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर ठेवून मंजूर करून घ्यावी लागते. 'मंजूर फीपेक्षा १९१ रुपये जास्त का?' हा प्रश्न समितीच्या पुढच्या बैठकीत आला नाही तर नवल. आणि शाळेने ते सोसायचे ठरवले तर? बँकेत जमा होतात ८,८०८ रुपये ८४ पैसे. खरी गंमत इथे आहे. शाळेच्या क्लार्कने पासबुकात दिसलेली रक्कम कीर्दीत फी म्हणून लिहिली, तर त्या मुलाच्या नावावर १९१ रुपये १६ पैसे बाकी दिसते. सॉफ्टवेअर निमूटपणे आठवणीचा संदेश पाठवतं. पूर्ण फी भरलेला बाप मुख्याध्यापकांच्या दारात उभा. नोंद अशी हवी की फी ९,००० जमा, १९१.१६ बँक शुल्क खर्च, उरलेले बँकेत. सॉफ्टवेअर ही नोंद आपोआप करतं की नाही, हे विक्रेत्याने एका नमुना पानावर दाखवावं. रंगीत आलेखांपेक्षा खजिनदार ते पान आधी बघतील.

त्यात भर म्हणजे अॅग्रीगेटरकडून बँकेत रोज एकच ठोक रक्कम येते. काल सतरा पालकांनी भरलं, आज पासबुकात एकच आकडा. ते सतरा कोण, हे सांगणारी यादी त्या जमेच्या यूटीआर क्रमांकासह मिळायला हवी. नाहीतर क्लार्कबाई मार्चपर्यंत ताळमेळच लावत बसतात. पालकाच्या खात्यातून पैसे गेले आणि शाळेला मिळाले नाहीत, असंही होतं. यूपीआयच्या अशा फसलेल्या व्यवहारात, व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. पण तेवढ्यात घाबरलेल्या पालकाने दुसऱ्यांदा पैसे भरलेले असतात. पहिले पैसेही उशिरा शाळेकडे पोहोचले, तर फी दोनदा जमा होते. जादा आलेली फी कोण परत करणार, किती दिवसांत, आणि पालकाने फोन कोणाला करायचा, हे तीन प्रश्न पत्रातच सोडवलेले असावेत.

माझ्या मते प्रयोग फसतो तो मात्र पैशांवरून नाही, मुलांच्या यादीवरून. मुलाची ओळख म्हणून हजेरी क्रमांक वापरला तर जूनमध्ये सगळं उलटंपालटं होतं, कारण तो दरवर्षी बदलतो. जनरल रजिस्टरचा क्रमांक, शाळेत सगळे ज्याला जी.आर. नंबर म्हणतात, तो मूल शाळा सोडेपर्यंत तोच राहतो. भावंडं असली की आणखी घोळ. मोबाइल एकच, बाप एकच, मुलं दोन, आणि दोघांची फी मोठ्याच्या नावावर. शिवाय रजिस्टरमधला मोबाइल नंबर कधी बंद पडलेला, कधी आजोबांचा.

आता शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्क्यांतली मुलं. आपल्या उदाहरणात दोन्ही इयत्ता मिळून १६० मुलं आणि त्यातली ३० या कोट्यातली समजू. त्यांच्याकडून फी घ्यायची नसते. त्यांचा परतावा शासनाकडून वेगळा येतो. यादी न तपासता भरली तर सॉफ्टवेअर १६० गुणिले ९,००० म्हणजे १४ लाख ४० हजारांची मागणी तयार करतं. खरी मागणी १३० मुलांची, ११ लाख ७० हजार. मधले २ लाख ७० हजार कधीच न येणारी खोटी थकबाकी, आणि ३० घरांत नको तो संदेश. तो संदेश एकदा गेला की माफी मागून भागत नाही. म्हणून मी त्या तरुणाला सांगितलं, एकही संदेश जाण्याआधी एकूण मागणीचा आकडा खजिनदारांच्या वहीतल्या आकड्याशी जुळवून त्यावर त्यांची सही घेईन, असं पत्रातच लिही.

तो म्हणाला, "पण सर, यात माझे पंधरा दिवस जातील."

जाऊ देत. म्हणूनच प्रयोग दुसऱ्या सत्रात करायचा. जूनमध्ये प्रवेश, गणवेश, दाखले यांची झुंबड असते, क्लार्कला मान वर करायला फुरसत नसते. दिवाळीनंतर यादी स्थिर झालेली असते. दोनच इयत्ता घ्यायच्या, छापील पावती पुस्तक चालू ठेवायचं, रोख आणि धनादेश नाकारायचे नाहीत, आणि ऑनलाइन पावत्यांची क्रममाला वेगळी ठेवायची. पावतीवर शिकवणी शुल्क स्वतंत्र ओळीत हवं. जुन्या करप्रणालीतल्या पालकांना आयकरात सवलत मिळते ती शिकवणी शुल्कावर. बसभाडं आणि स्नेहसंमेलनाची वर्गणी त्यात मिसळली की जानेवारीत दाखल्यासाठी रांग लागते.

यश कशावरून ठरवायचं? किती पालकांनी अॅप घेतलं, यावरून नाही. महिनाअखेरीला न जुळलेल्या नोंदी किती आणि त्या जुळवायला किती दिवस लागले, एवढे दोन आकडे पुरेत. दुसऱ्या महिन्यात पहिला आकडा वाढला तर प्रयोग थांबवण्याचा अधिकार संस्थेकडे असावा.

राहिली 'मोफत' या शब्दामागची किंमत. सत्र संपल्यावर दर विद्यार्थ्यामागे वर्षाला किती, हे आजच लिहावं, जीएसटी धरून लिहावं. शाळेच्या शिक्षणसेवेवर जीएसटी नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरवर भरलेल्या १८ टक्क्यांची वजावट शाळेला मिळत नाही. तो सरळ खर्च. वर्षाचे ३०० सांगितले तर संस्थेला पडतात ३५४. आणि नको म्हटलं तर? मुलांची आणि पालकांची माहिती त्या कंपनीकडे पडून राहता कामा नये. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीवर जास्त कडक अटी घातल्या आहेत, आणि जबाबदारी शाळेची धरली आहे.

शेवटी त्या तरुणाचं पत्र दीड पानाचं झालं. वाढदिवसाच्या शुभेच्छा गेल्या, बसही गेली. शेवटचा परिच्छेद असा: "प्रयोग ३१ मार्चला आपोआप संपेल, आपोआप वाढणार नाही. १५ एप्रिलपर्यंत सर्व पावत्या आणि खतावणी एक्सेलमध्ये आपल्या स्वाधीन करू, आमच्याकडील प्रत नष्ट करू आणि तसं लेखी कळवू. सोबत ठरावाचा मसुदा, फीच्या नोंदीचं नमुना पान आणि दरपत्रक."