जाहिरातीतला जिम, बंद पडलेला जनरेटर आणि भाड्यातली सूट
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या इंदूरला बायपासच्या बाजूनं गेल्या काही वर्षांत उंच इमारतींची संकुलं उभी राहिली आणि आपली बरीच मराठी कुटुंबं तिथं भाड्यानं राहायला गेली. आम्हीही त्यांतलेच. एका संकुलातली आम्ही नऊ भाडेकरू कुटुंबं. जाहिरातीत लिहिलं होतं : चोवीस तास पॉवर बॅकअप, जिम, स्विमिंग पूल. मार्चमध्ये राहायला आलो तेव्हा जिमला कुलूप होतं, "यंत्रं पंधरा दिवसांत येतायत" असं सांगितलं गेलं. एप्रिलच्या सुरुवातीला जनरेटर बंद पडला. पूल उन्हाळाभर भरलाच नाही. जुलैअखेरपर्यंत हेच चाललं. त्यानंतर भाड्यात सूट कशी मागितली, ती किती निघाली आणि कुठं अडलं, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते, की आपली तक्रार नेमकी कोणत्या प्रकारची आहे. जी सोय होती आणि पुढं बंद पडली, तिचा आधार करारनामा असतो. जी सोय कधी नव्हतीच पण आहे असं सांगितलं, तिचा आधार जाहिरात असते. आमच्याकडे जनरेटर पहिल्या प्रकारात आला आणि जिम दुसऱ्या. पहिल्या प्रकारात करारनाम्यात त्या सोयीचा उल्लेख असेल तर आपलं बोलणं सोपं होतं. आमच्या अकरा महिन्यांच्या करारनाम्यात एक ओळ होती : "पॉवर बॅकअप, जिम व पूल या सामायिक सुविधांसह." नऊपैकी दोन घरांच्या करारनाम्यात ती ओळ नव्हती आणि त्यांना शेवटपर्यंत त्रास झाला.

दुसऱ्या प्रकारासाठी 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 19 कामी येतं. खोट्या किंवा चुकीच्या माहितीवर आपण संमती दिली असेल, तर करार मोडायचा पर्याय आपल्याकडे असतो. पण तेच कलम आणखी एक पर्याय देतं : करार चालू ठेवायचा आणि ती माहिती खरी असती तर आपण जिथं असतो तिथं आपल्याला आणून ठेवा, असं म्हणायचं. घर सोडायचं नाही, पण नसलेल्या सोयीची किंमतही द्यायची नाही, या आपल्या मागणीचा पाया हा दुसरा पर्याय आहे. मात्र घर पाहताना जिमला कुलूप दिसत होतं आणि आपण काहीच विचारलं नाही, तर "तुम्ही बघूनच घेतलं होतं" असं उत्तर मिळतं. आम्ही विचारलं होतं आणि दलालाचा "पंधरा दिवसांत" हा मेसेज मोबाईलवर होता. तो कागद म्हणूनच उपयोगी पडला. जाहिरातीचा स्क्रीनशॉटही तारखेसह ठेवावा, कारण घर भाड्यानं गेलं की जाहिरात काढून टाकली जाते.

आता पुराव्याबद्दल. जिमच्या कुलपाचा फोटो पुरेसा असतो. जनरेटरचं तसं नाही. सोसायटी म्हणते "चालू आहे", वॉचमन म्हणतो "काल चालला होता". आम्ही राज्य सरकारच्या विद्युत कामात आहोत म्हणून एक साधी युक्ती ठाऊक होती. जनरेटरच्या कंट्रोल पॅनेलवर एक छोटा तास मोजणारा आकडा असतो, त्याला ऑवर मीटर म्हणतात. इंजिन फिरलं तरच तो पुढं सरकतो. एप्रिलपासून दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही त्याचा फोटो घेतला आणि त्या महिन्यात वीज कधी गेली ते एका वहीत लिहिलं. वहीत वीज गेल्याच्या पंधरावीस नोंदी आणि आकडा मात्र एका जागी, यानंतर वाद उरला नाही. अल्टरनेटरचं वाइंडिंग जळलं होतं आणि दुरुस्तीला सोसायटीकडे पैसा नव्हता. हे नंतर त्यांनीच सांगितलं.

एक सावधगिरी : काही ठिकाणी जनरेटर चालतो पण फक्त लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाला, घरात काही येत नाही. तेव्हा ऑवर मीटर पुढं सरकेल आणि तुमची तक्रार खोटी ठरेल. म्हणून वीज गेली असताना आपल्या घरातला दिवा लागतो का, याचीही नोंद ठेवावी.

आता रक्कम. इथं बहुतेक लोक "अर्धं भाडं कापा" म्हणतात आणि बोलणं तिथंच मोडतं. आमचं भाडं महिना 18,000 रुपये. शेजारच्या, एवढ्याच मोठ्या पण या सोयी नसलेल्या इमारतीत तसाच फ्लॅट 15,000 ला जात होता. म्हणजे सगळ्या सोयींची मिळून बाजारातली किंमत महिना 3,000. यापेक्षा जास्त मागायला आधारच नाही. ही झाली वरची मर्यादा. त्या 3,000 ची वाटणी करताना आम्ही बॅकअपला 1,500, जिमला 600, पूलला 400 धरले, आणि बाग, क्लबहाऊस वगैरे चालू असलेल्या गोष्टींना 500 सोडून दिले. बॅकअपला निम्मं का, तर ती सोय सगळ्यांना रोज लागते. सातव्या मजल्यावरच्या आजी डोळ्यांचं ऑपरेशन करून आल्या त्या दिवशी वीज नव्हती आणि दीड तास खाली बाकावर बसून राहिल्या. जिमला 600 का, तर बाहेरच्या साध्या जिमची फी आम्ही विचारून आलो होतो.

आता महिने. बॅकअप एप्रिल ते जुलै चार महिने, म्हणजे 6,000. जिम मार्च ते जुलै पाच महिने, म्हणजे 3,000. पूल एप्रिल ते जून तीनच महिने, म्हणजे 1,200, कारण पावसाळ्यात तो तसाही बंद ठेवतात. एकूण 10,200. यंत्र बिघडतं, दुरुस्तीला वेळ लागतो, हे कुणीही मान्य करेल; म्हणून प्रत्येक सोयीचे पहिले पंधरा दिवस आम्ही सोडले. ते झाले 750, 300 आणि 200, मिळून 1,250. उरले 8,950 रुपये. पाच महिन्यांचं भाडं 90,000 होतं, म्हणजे मागणी दहा टक्क्यांच्या आत बसली. वाटणीचा प्रत्येक आकडा कुठून आला हे पत्रात लिहिलं. घरमालकानं आकड्यावर वाद घातला तर घालू दे. आकड्यावर वाद सुरू झाला म्हणजे तत्त्व त्यानं मान्य केलंच.

आमचे घरमालक पुण्याला असतात, सज्जन माणूस. फोनवर ते म्हणाले, "अहो, पूल आणि जनरेटर सोसायटीचा आहे. माझ्या फ्लॅटमध्ये काही खराब आहे का?" हे उत्तर तुम्हालाही मिळेल. आम्ही म्हटलं, "साहेब, दुरुस्ती तुम्ही करा असं आम्ही म्हणतच नाही. पण जाहिरात तुमची होती, आणि 18,000 त्या सोयींमुळे ठरले." दुसरी गोष्ट आम्ही त्यांच्या लक्षात आणून दिली, ती जास्त उपयोगी ठरली. रेरा कायद्यात घर विकत घेणारा बिल्डरच्या जाहिरातीबद्दल दाद मागू शकतो, भाडेकरूला मात्र त्या कायद्याच्या व्याख्येतूनच वगळलेलं आहे. म्हणजे तिथं जायचा रस्ता त्यांचा आहे, आमचा नाही. आणि आमच्या फोटो आणि नोंदवहीचा उपयोग त्यांनाच होणार होता. आम्ही त्यांना सगळ्याची प्रत दिली. सोसायटीच्या सभेत मत देण्याचा हक्कही त्यांचाच होता. नऊ घरांचे नऊ मालक एकदम विचारू लागल्यावर वाइंडिंगचं काम ऑगस्टमध्ये झालं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. या सगळ्या काळात आम्ही भाडं एक महिनाही थांबवलं नाही आणि स्वतःहून कापलंही नाही. आमच्यातल्या एका घरानं रागानं दोन महिने भाडं बंद केलं, तेव्हा त्यांना लगेच वकिलाची नोटीस आली. आपल्या 1961 च्या मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियमाच्या कलम 12 प्रमाणे थकबाकीच्या मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत कायदेशीर देय असलेली सगळी बाकी दिली नाही, तर घर रिकामं करून घ्यायला ते एक कारण होतं. म्हणजे 8,950 च्या वादापायी घर जायची वेळ येते. त्यांनी मुदतीत पैसे भरले आणि मग आमच्यासोबत मागणी केली. सर्वोच्च न्यायालयानंही स्टीफन कोर्ट या कोलकात्याच्या इमारतीच्या खटल्यात, तीनपैकी एक बेडरूम ताब्यात न मिळालेल्या भाडेकरूला पूर्ण भाडं थांबवू दिलं नाही, मिळालेल्या जागेच्या प्रमाणात भाडं द्यायला सांगितलं. तिथं तर अख्खी खोली नव्हती. आपल्याकडे जिम नाही. तेव्हा पूर्ण भाडं देत राहायचं आणि दर वेळी एक ओळ पाठवायची : "हे भाडं आमच्या अमुक तारखेच्या मागणीचा हक्क राखून देत आहोत." बँकेतून पाठवलं तर नोंद राहते.

शेवट असा झाला, की घरमालकांनी 7,000 मान्य केले : ऑगस्टपासून सात महिने दर महिना 1,000 कमी. उरलेले 1,950 आम्ही सोडले. त्यांचाही हिशेब सरळ होता. आम्ही घर सोडलं असतं आणि फ्लॅट एक महिना रिकामा राहिला असता, तर त्यांचे 18,000 गेले असते, वर दलाली वेगळी. तोंडी "हो" वर मात्र आम्ही थांबलो नाही. करार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे घेणाऱ्यानं आपली रक्कम कमी करून घेतली तर त्याला बदल्यात काही द्यावं लागत नाही, ती सूट तशीच वैध असते. पण ती दिली होती हे दाखवायला कागद लागतो. त्यांनी ईमेलवर चार ओळी लिहिल्या : किती, कोणत्या महिन्यांची, कशासाठी, आणि ही थकबाकी धरली जाणार नाही. करार संपताना डिपॉझिटमधून तेच 7,000 कापले जाऊ नयेत म्हणून ही शेवटची ओळ हवी.

ज्या दोन घरांच्या करारनाम्यात सुविधांची ओळ नव्हती, त्यांना फक्त जिमचे पैसे मिळाले, तेही जाहिरात आणि दलालाच्या मेसेजच्या आधारावर. जनरेटरचं काहीच मिळालं नाही. म्हणून पुढच्या वेळी करारनाम्यावर सही करण्याआधी एक वाक्य घालून घ्या. आम्ही आता घालतो ते असं : "पॉवर बॅकअप, जिम किंवा पूल सलग पंधरा दिवसांहून अधिक बंद राहिल्यास त्या काळासाठी भाड्यात अनुक्रमे दरमहा 1,500, 600 व 400 रुपये सूट मिळेल." आकडे आपापल्या घराप्रमाणे बदला. ज्यांना जनरेटरचा ऑवर मीटर कुठं असतो ते बघायचं असेल, त्यांनी सभेनंतर थांबावं. मंडळाच्या मांडवाला लावलेल्या जनरेटरवरच दाखवतो.

गणपती बाप्पा मोरया!